काट्यावर २५२ किलो, बिलावर ३६८

भोसरी एमआयडीसीत कंट्रोल पॅनेल बनवणाऱ्या एका छोट्या वर्कशॉपने चाकणच्या लेझर कटिंगवाल्याकडून २०० ब्रॅकेट करून घेतले. ३ मिमी जाडीचा एमएस पत्रा, उलगडलेला आकार ३०० × १८० मिमी, ११ मिमीची सहा भोकं आणि दोन्ही टोकांना एकेक बेंड. पत्रा सप्लायरचाच होता. माल ४ तारखेला आला. स्टोअरकीपरने नग मोजून चलनावर सही केली आणि जाता जाता गठ्ठे काट्यावरही चढवले. २५२ किलो भरले, तो आकडा त्याने चलनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहून ठेवला. पुढचं सगळं प्रकरण त्या पेन्सिलीच्या आकड्यावर उभं राहिलं.

८ तारखेला मेलवर बिल आलं. वर्कशॉपच्या हिशेबाने काम २३,७०६ रुपयांचं, वर टेम्पोचं भाडं आणि जीएसटी. बिलात जीएसटीआधीचीच रक्कम ३७,३९५ होती.

| बिलातली ओळ | नग / वजन | दर (रु.) | रक्कम (रु.) |
|---|---|---|---|
| मटेरियल | ३६८ किलो | ७० | २५,७६० |
| लेझर कटिंग | २३३.५ मीटर | १२ | २,८०२ |
| पिअर्सिंग | १,४०० | ०.५० | ७०० |
| बेंडिंग | ४०० | ६ | २,४०० |
| प्रोग्रामिंग / सेटअप | – | – | १,५०० |
| पी अँड एफ २%, पहिल्या चार ओळींवर | – | – | ६३३ |
| फ्रेट | – | – | ३,२०० |
| हमाली | – | – | ४०० |
| एकूण, कराआधी | | | ३७,३९५ |

१८ टक्के जीएसटी धरून देणं ४४,१२६ रुपये. दर या एका व्यवहारातले आहेत, बाजारभाव म्हणून ते धरू नयेत.

मालकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: "फोन लावा आणि विचारा, एवढं कसं काय लावलं?" अकाउंटंट बाईंनी फोन लावला नाही, आणि ते बरंच झालं. "एवढं कसं" या प्रश्नाला "मार्केट वाढलंय साहेब" एवढंच उत्तर येतं, आणि त्यावर फार तर हजार-पाचशे रुपये कमी होतात. ओळीमागचा आधार काय, ते गुलदस्त्यातच राहतं. पुढच्या बिलात तीच ओळ पुन्हा येते.

आधी आपली आकडेमोड

कोटेशनमध्ये इतकंच होतं: मटेरियल ७० रुपये किलो, कटिंग १२ रुपये मीटर, पिअर्सिंग ५० पैसे, बेंडिंग ६ रुपये, फ्रेट एक्स्ट्रा ॲट ॲक्च्युअल, टॅक्स एक्स्ट्रा. पीओमध्ये, म्हणजे वर्कशॉपच्या लेखी ऑर्डरमध्ये, हेच दर जसेच्या तसे उतरवले होते. म्हणजे बिलातल्या आठपैकी पाच ओळींना कोटेशनमध्ये आधार होता आणि तीन ओळी नव्याने उगवल्या होत्या. पण मोठा फरक नव्या ओळींत नव्हता, तो जुन्याच पहिल्या ओळीत होता.

कटिंग तपासायला सोपं. एका ब्रॅकेटचा घेर ९६० मिमी, सहा भोकांचे परीघ मिळून सुमारे २०७ मिमी, एकूण १.१६७ मीटर. २०० नगांचे २३३.५ मीटर, बिलाशी तंतोतंत. पिअर्सिंगवर मात्र पुष्कळ जण अडखळतात. भोकं सहा, मग २०० नगांचे १,२०० व्हायला हवेत, १,४०० कुठून आले? लेझरला बाहेरची कड कापायलाही पत्र्यात एकदा शिरावं लागतं. त्यामुळे नगामागे सात पिअर्सिंग बरोबर. हा प्रश्न मेलमध्ये गेला असता तर सप्लायरने मनातल्या मनात "यांना काम कळत नाही" असा शेरा मारला असता आणि बाकीचे प्रश्नही त्याच मापाने तोलले असते.

आता मटेरियल. पोलादाची घनता ७.८५ धरली तर सपाट तुकड्याचं वजन असं निघतं:

```
वजन (किलो) = लांबी (मी) × रुंदी (मी) × जाडी (मिमी) × ७.८५
०.३०० × ०.१८० × ३ × ७.८५ = १.२७ किलो
```

२०० नगांचे २५४ किलो. भोकांचा पत्रा वजा केला की पावणेतीन किलो कमी होतात, म्हणून काट्यावर २५२. इथवर सगळं जुळतं. मग ३६८ कुठून आले?

उत्तर एका भागाकारात सापडलं. बाजारात ३ मिमीचा पत्रा बहुधा २५०० × १२५० मिमी आकारात येतो. त्या एका शीटचं वजन ७३.६ किलो. ३६८ भागिले ७३.६ म्हणजे बरोबर पाच. सप्लायरने तुकड्यांचं वजन लावलंच नव्हतं, पाच अख्ख्या शीट लावल्या होत्या.

तेवढ्यावर चोरी पकडली असं होत नाही. लेझरवाले निव्वळ वजनावर क्वचितच बिल करतात. तुकडे कापून उरलेली जाळी त्यांच्या पत्र्यातूनच गेलेली असते, म्हणून ढोबळ वजनावर दर लावण्याची पद्धत सर्रास आहे. कोटेशनमध्ये "७० रुपये किलो" लिहिताना कुठले किलो हे कुणीच लिहिलं नव्हतं आणि वर्कशॉपनेही ते विचारलं नव्हतं. २३,७०६ चा अंदाज निव्वळ वजनावर काढला ही वर्कशॉपचीच चूक होती.

प्रश्न उरला तो पाच शीटचा. तुकड्यांमध्ये ५ मिमी आणि कडेला १० मिमी जागा सोडून मांडणी केली तर शीटच्या लांबीला १८० ची बाजू धरून १३ × ४ म्हणजे ५२ नग बसतात. चार शीटमध्ये २०८. तुकडा फिरवून ३०० ची बाजू लांबीला धरली तर ८ × ६ म्हणजे ४८. चार शीटमध्ये १९२ होतात आणि उरलेल्या आठ नगांसाठी पाचवी शीट फोडावी लागते. आठ नगांसाठी अख्ख्या शीटचे ५,१५२ रुपये. ही मांडणी, म्हणजे नेस्टिंग, का निवडली हे फक्त सप्लायरच सांगू शकत होता.

मेल

मेल १० तारखेला गेला. त्याआधी फोनवर एवढंच झालं:

"नमस्कार साहेब, बिल मिळालं. तीन-चार ओळींचा खुलासा हवाय, मेल करते. बाकी बिल बरोबर आहे."

"करा ना मॅडम. पेमेंट अडकवू नका म्हणजे झालं."

"पेमेंट तारखेलाच होईल. आकडा तेवढा नक्की करू."

मेल असा होता:

> विषय: बिल क्र. ___, दि. ८, पीओ क्र. ___: चार ओळींचा खुलासा
>
> नमस्कार,
>
> २०० ब्रॅकेट मिळाले, नग आणि माप बरोबर आहे. कटिंग, पिअर्सिंग आणि बेंडिंगच्या ओळी तपासल्या, मान्य आहेत. पुढील ओळींचा खुलासा हवा आहे:
>
> १. मटेरियल ३६८ किलो: आमच्या काट्यावर माल २५२ किलो भरला. ३६८ म्हणजे २५०० × १२५० च्या पाच शीट होतात. आमच्या हिशेबाने ५२ नग प्रति शीट बसून चार शीट पुरतात. कृपया नेस्टिंग रिपोर्ट पाठवावा, आणि पाचवी शीट पूर्ण वापरली का ते कळवावं.
>
> २. प्रोग्रामिंग १,५०० रु.: कोटेशनमध्ये नाही. कशासाठी लावले?
>
> ३. पी अँड एफ २%: कोटेशनमध्ये नाही. माल तारेने बांधून आला, पॅलेट किंवा खोकं नव्हतं. यात काय काय धरलं आहे?
>
> ४. फ्रेट ३,२०० आणि हमाली ४०० रु.: कोटेशनप्रमाणे ॲट ॲक्च्युअल. टेम्पोच्या पावतीचा फोटो पाठवावा.
>
> खुलासा १५ तारखेपर्यंत मिळाल्यास ठरलेल्या मुदतीत पेमेंट करता येईल. आकड्यात बदल झाल्यास क्रेडिट नोट लागेल.

या मेलमध्ये "जास्त" हा शब्द कुठेच नाही. प्रत्येक प्रश्नात बिलातला आकडा आहे, शेजारी आपला आकडा आहे आणि उत्तरादाखल कुठला कागद हवा तेही आहे. नेस्टिंग रिपोर्ट मागणं ही यातली सगळ्यात कामाची गोष्ट. लेझर मशीनचं सॉफ्टवेअर प्रत्येक कामाचा तो रिपोर्ट काढतं: शीटचा आकार, शीटमागे नग, कापलेली लांबी, पिअर्सिंगची संख्या, वाया गेलेला टक्का. सप्लायरला तो नव्याने बनवायचा नसतो, फक्त पाठवायचा असतो. जो सप्लायर तो पाठवायला का-कू करतो त्याच्याबद्दल शंका घ्यायला जागा आहे.

मान्य ओळी आधी लिहिण्यालाही कारण आहे. त्याने वाद चार ओळींपुरता राहतो. नाहीतर "बिलाचा प्रॉब्लेम आहे" एवढंच दोन्हीकडे लक्षात राहतं आणि अख्खं बिल लोंबकळतं.

सप्लायरची उत्तरं

१३ तारखेला रिपोर्टसह उत्तर आलं. मांडणी ४८ चीच होती आणि तिला सबळ कारण होतं. पत्रा रोलिंग मिलमधून ज्या दिशेने निघतो त्या दिशेला त्याचा ग्रेन असतो. २५०० × १२५० च्या शीटमध्ये ही दिशा लांबीची. बेंडची रेघ ग्रेनला आडवी असली तर पत्रा नीट वळतो, ग्रेनच्या बरोबरीने गेली तर बाहेरच्या कडेला बारीक चिरा पडण्याचा धोका असतो, आणि बेंडची त्रिज्या जितकी लहान तितका धोका जास्त. या ब्रॅकेटची बेंडची रेघ १८० च्या बाजूला समांतर. ५२ च्या मांडणीत ती ग्रेनच्या बरोबरीने गेली असती. चार शीटमध्ये काम बसलं असतं, पण काही ब्रॅकेट बेंडवर तडकण्याची भीती होती.

थोडक्यात, अकाउंटंट बाईंचा ५२ चा हिशेब कागदावर बरोबर होता आणि शॉपफ्लोअरवर चुकीचा. त्यांनी तो मागे घेतला. असा मुद्दा मागे घेण्यात कमीपणा नाही. उलट उरलेल्या मुद्द्याला वजन येतं, आणि इथे मुद्दा उरला होताच. रिपोर्टमध्ये पाचव्या शीटवर आठच नग दिसत होते. म्हणजे आठांची एक रांग कापून शीटचा हजारहून जास्त मिमी रुंदीचा अखंड पट्टा सप्लायरच्या रॅकवर परत गेला होता. तो भंगार नव्हे, पुढच्या कामाचा पत्रा आहे. त्याचे पैसे या गिऱ्हाइकाकडून घेण्याचं कारण नाही.

तोडगा सरळ निघाला. ४८ नगांना ७३.६ किलो, म्हणजे नगामागे १.५३३ किलो, २०० नगांचे ३०६.६ किलो. ७० च्या दराने २१,४६२ रुपये. सप्लायरने ते मान्य केलं. जाळीच्या भंगाराचा विषय बाईंनी काढला होता: ढोबळ वजनावर पैसे घेता तर ५० किलोच्या वर भंगार आमचं. सप्लायरचं म्हणणं, ७० चा दर भंगार आमच्याकडे राहील असं धरूनच दिला होता. दोन्हीतलं काहीच लिहिलेलं नव्हतं, म्हणून या बिलापुरता तो विषय सोडून दिला.

प्रोग्रामिंगच्या १,५०० वर सप्लायरने वर्कशॉपच्याच ड्रॉइंग फाइलचा स्क्रीनशॉट पाठवला. काही रेघा एकावर एक दोनदा काढलेल्या होत्या आणि दोन भोकांची वर्तुळं पूर्ण बंद झालेली नव्हती. अशा फाइलवर मशीन तीच रेघ दोनदा कापतं, किंवा भोक अर्धवट सोडतं. फाइल साफ करायला त्यांच्या माणसाचा वेळ गेला होता. ओळ कोटेशनमध्ये नव्हती हे खरं, पण फाइल खराब होती हेही खरं. वर्कशॉपने १,५०० मान्य केले आणि बदल्यात लिहून घेतलं की याच ब्रॅकेटच्या पुढच्या ऑर्डरला हा चार्ज लागणार नाही.

पी अँड एफ म्हणजे पॅकिंग अँड फॉरवर्डिंग. माल बांधणं आणि गाडीत चढवून देणं एवढाच त्याचा अर्थ, वाहतूक त्यात येत नाही. इथे पॅकिंग नव्हतंच आणि चढवण्याची हमाली वेगळी लावलेली. एकाच कामाचे दोनदा पैसे. बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये २ टक्के आपोआप लागतात, असं सप्लायरने सांगितलं आणि ओळ काढली. हे कारण बरेचदा खरंही असतं. टक्केवारीत लागलेला कुठलाही चार्ज दिसला की तो माणसाने विचार करून लावला नसून सॉफ्टवेअरने लावला असेल, अशी शंका आधी घ्यावी.

टेम्पोची पावती २,४०० ची निघाली, आणि तिच्यावर "हमालीसह" असं लिहिलेलं. ३,२०० हा सप्लायरचा चाकण–भोसरीचा नेहमीचा ठोक आकडा होता. ॲट ॲक्च्युअल म्हटल्यावर पावतीचाच आकडा चालतो, म्हणून फ्रेटचे ८०० आणि हमालीचे ४०० गेले.

भाड्यावर १८ टक्के जीएसटी का, हा प्रश्न वर्कशॉपच्या मालकांनी उपस्थित केला होता. तो मेलमध्ये घातला नाही, कारण त्यात सप्लायर बरोबर होता. सीजीएसटी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे पॅकिंग, हमाली, भाडं असे आनुषंगिक खर्च सप्लायरने आपल्या बिलात लावले की ते मालाच्याच किमतीत धरले जातात आणि त्यांना मालाचाच दर लागतो. भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट मिळत असल्याने वर्कशॉपला त्याचा बोजाही नव्हता.

क्रेडिट नोट, आणि परस्पर कापून का देऊ नये

कमी झालेली रक्कम अशी: मटेरियल ४,२९८, पी अँड एफ ६३३, फ्रेट ८००, हमाली ४००. एकूण ६,१३१, वर जीएसटी १,१०३.५८, म्हणजे ७,२३४.५८ रुपयांची क्रेडिट नोट. बिल ४४,१२६.१० मधून ती वजा केल्यावर देणं ३६,८९१.५२.

इथे बरेच जण शॉर्टकट घेतात: फोनवर आकडा ठरला, तेवढेच पैसे पाठवले, विषय संपला. तो संपत नाही. सप्लायरच्या खात्यात ७,२३४ बाकी दिसत राहतात, वर्षअखेरीस लेजर जुळत नाही, आणि जीएसटीआर-२बी या पोर्टलवरच्या क्रेडिटच्या यादीत मूळ बिलाचाच कर दिसत असल्याने वर्कशॉप न भरलेल्या रकमेचंही क्रेडिट घेऊन बसतं. बिलाची रक्कम १८० दिवसांत चुकती झाली नाही तर तेवढ्या भागाचं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं, हा नियमही मानेवर असतो.

जुनं बिल रद्द करून नवं मागण्याचाही मोह होतो. पण माल त्या बिलावर येऊन गेलेला असतो, आणि सप्लायर ई-इनव्हॉइसवाला असेल तर पोर्टलवर ते फक्त २४ तासांत रद्द होतं. कराची रक्कम जादा लागली असेल तर कलम ३४ ची क्रेडिट नोट हाच रस्ता, आणि ती मूळ बिलाचा क्रमांक टाकून, करासकट हवी. काही सप्लायर कर न दाखवता नुसती रक्कम कमी करणारी नोट देतात. तशी नोट घेतली असती तर १,१०३ रुपये कर म्हणून सप्लायरला द्यावेच लागले असते. इथे नोट १९ तारखेला, त्याच महिन्यात आली, त्यामुळे बिल आणि नोट एकत्रच पोर्टलवर दिसले. नोट लांबली असती तर जीएसटी पोर्टलच्या आयएमएस पानावर ते बिल तोवर 'पेंडिंग' ठेवता आलं असतं.

मुदतीचं घड्याळ

सप्लायर उद्यम नोंदणी असलेला सूक्ष्म उत्पादक होता. बिलावरच तसं छापलेलं होतं. अशा सप्लायरचे पैसे लेखी करार असेल तर ठरलेल्या मुदतीत, पण ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय मुदत चुकवून रक्कम वर्षअखेरीस थकवली तर आयकरात तो खर्च प्रत्यक्ष पैसे दिले त्या वर्षीच मिळतो.

माल मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घेतली तर ती दूर होईपर्यंत घड्याळ सुरू होत नाही, अशी एमएसएमईडी कायद्यात तरतूद आहे. पण ती हरकत माल स्वीकारण्याबद्दलची. या मेलमध्ये तर माल बरोबर असल्याचं पहिल्याच वाक्यात लिहिलं होतं. दराच्या वादाने घड्याळ थांबतं असं धरून बसणं धोक्याचं. म्हणून पीओतल्या ३० दिवसांत खुलासा झाला नसता तर वाद नसलेली रक्कम, म्हणजे २३,७०६ आणि त्यावरचा जीएसटी मिळून २७,९७३ रुपये, मुदतीत पाठवायचे आणि उरलेल्याचा वाद चालू ठेवायचा असं ठरलं होतं. तशी वेळ आली नाही. ३६,८९१.५२ रुपये पुढच्या महिन्याच्या ३ तारखेला, मुदतीच्या आतच गेले, आणि पेमेंटच्या मेलमध्ये बिल व क्रेडिट नोट दोन्हींचे क्रमांक होते.

त्या ब्रॅकेटच्या पुढच्या पीओमध्ये दरांखाली चार ओळी वाढल्या: मटेरियल नगामागे १.५३३ किलो, जाळीचं भंगार सप्लायरचं; प्रोग्रामिंग नाही; पॅकिंग तारेने, पी अँड एफ नाही; भाडं हमालीसह, टेम्पोची पावती बिलाला जोडून. ड्रॉइंगवर ग्रेनच्या दिशेचा बाण आला. आणि स्टोअरच्या आवक रजिस्टरमध्ये नगांच्या शेजारी काट्याच्या वजनाचा रकाना पेनने आखला गेला.